शेवटचा कॅन लवकर कसा पोचेल? बॉटलनेक असाइनमेंट, टप्प्याटप्प्याने

कुठली गाडी कुठल्या गावाला पाठवायची, हे ठरवताना बहुतेक जण एकूण मिनिटं किंवा एकूण डिझेल कमीत कमी करतात. ज्या कामात सगळ्यांत शेवटी पोचणारी गाडीच सगळा खेळ बिघडवते, तिथे हे गणित चुकतं. तिथे सगळ्यांत लांबलेली एकच फेरी लवकरात लवकर संपवायची असते. याला बॉटलनेक असाइनमेंट म्हणतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या तक्त्यांत त्याच त्या तीन-चार चुका असतात, आणि त्यातल्या दोन तर गणित सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून इथे तयारीवर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरण बेळगावच्या आसपासच्या दुधाचं घेतो. मी रोज हेच करतो. पाच टेम्पो आहेत आणि ते रात्री ड्रायव्हरच्या घरापाशी उभे असतात: वडगाव, हिंडलगा, काकती, मच्छे आणि खानापूर. सकाळी पाच गावांचं दूध उचलायचं आहे: येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी, जांबोटी. प्रत्येक टेम्पोला एकच गाव. दूध उद्यमबागेच्या बाजूच्या चिलिंग सेंटरला आणायचं आणि तिथला मोठा टँकर ८:१५ ला निघतो. चार गावांचं दूध सव्वासातला आलं काय आणि पावणेआठला आलं काय, टँकरला फरक पडत नाही. पाचव्या गावाचं ८:२५ ला आलं, तर ते दूध त्या दिवशी मागेच राहतं. (पुढची मिनिटं आमच्या वहीतलीच आहेत, पाचाच्या पटीत गोल केलेली.)

## टप्पा १ : घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, ते आधी लिहा

तक्त्याच्या चौकटीत काय भरायचं, हा पहिला प्रश्न. टेम्पो घरून गावापर्यंत किती मिनिटांत जातो, एवढंच भरून बरेच जण मोकळे होतात. आपल्याला हवी आहे शेवटचा कॅन सेंटरच्या धक्क्यावर उतरण्याची वेळ. त्यात चार तुकडे येतात: टेम्पो मोकळा होईपर्यंतचा उशीर, रिकामी धाव, कॅन भरायला लागणारा वेळ आणि भरल्या गाडीने सेंटरपर्यंतचा परतीचा रस्ता. घड्याळ सगळ्यांसाठी सकाळी सहालाच सुरू करा. ड्रायव्हर निघाल्यापासून मोजलंत, तर उशिरा निघणाऱ्याचा उशीर कागदावरून गायब होतो.

आधी रिकामी धाव, मिनिटांत:

| टेम्पो | येळ्ळूर | कडोली | उचगाव | बेळगुंदी | जांबोटी |
|---|---|---|---|---|---|
| वडगाव | १५ | ३५ | ४० | ४० | ५५ |
| हिंडलगा | ३० | ३० | १० | १५ | ५० |
| काकती | ३५ | १५ | २५ | ३५ | ६५ |
| मच्छे | २० | ४५ | ३५ | ३० | ४० |
| खानापूर | ४० | ६५ | ६० | ५५ | ३० |

आता उशीर. वडगाव आणि मच्छेचे टेम्पो सहालाच निघतात. हिंडलग्याच्या गाडीला थंडीत धक्का मारावा लागतो, तिला १० मिनिटं धरली. काकतीवाला फुलांची फेरी करून ६:२० ला मोकळा होतो, म्हणजे २०. खानापूरवाला गावातच पेपरचे गठ्ठे टाकून ६:४० ला मोकळा होतो, म्हणजे ४०.

शेवटी गावाचा वेळ, म्हणजे भरणं आणि परतीचा रस्ता मिळून. येळ्ळूर ३०. कडोली ६०. उचगाव ८०, कारण कॅन भरपूर आहेत. बेळगुंदीला दोन ठिकाणी थांबून भरावं लागतं, म्हणून ८५. जांबोटीचं दूध थोडं असलं तरी परतीलाच पाऊण तास जातो, म्हणून ७५.

सावधान : इथे सरासरी वेळ भरू नका. दहा दिवसांत नऊ वेळा ३५ मिनिटं आणि एकदा रेल्वे गेटवर अडकून ५५ लागली असतील, तर सरासरी ३७ येते आणि ती कुठल्याच दिवशी खरी नसते. मी दहा दिवसांच्या नोंदी उतरत्या क्रमाने लावून वरून दुसरी घेतो. अगदीच विचित्र दिवस सुटतो आणि नेहमीचा वाईट दिवस पकडला जातो.

## टप्पा २ : पूर्ण तक्ता तयार करा

प्रत्येक चौकटीत रिकामी धाव, त्या टेम्पोचा उशीर आणि त्या गावाचा वेळ, तिन्ही मिळवा. वडगाव–उचगाव म्हणजे ४० + ० + ८० = १२०. खानापूर–जांबोटी म्हणजे ३० + ४० + ७५ = १४५.

| टेम्पो | येळ्ळूर | कडोली | उचगाव | बेळगुंदी | जांबोटी |
|---|---|---|---|---|---|
| वडगाव | ४५ | ९५ | १२० | १२५ | १३० |
| हिंडलगा | ७० | १०० | १०० | ११० | १३५ |
| काकती | ८५ | ९५ | १२५ | १४० | १६० |
| मच्छे | ५० | १०५ | ११५ | ११५ | ११५ |
| खानापूर | ११० | १६५ | १८० | १८० | १४५ |

इथे जरा थांबा, कारण सगळ्यांत महागात पडणारी चूक याच ठिकाणी होते. एकूण वेळ कमी करायची असेल, तर उशीर आणि गावाचा वेळ मिळवले काय, न मिळवले काय, उत्तर तेच येतं. कारण सरळ आहे. प्रत्येक टेम्पो एकदाच निघणार आणि प्रत्येक गावाला एकदाच कोणीतरी जाणार, त्यामुळे कशीही वाटणी केली तरी हे सगळे आकडे बेरजेत एकदा आणि एकदाच येतात. ज्यांनी आयुष्यभर बेरजेचं असाइनमेंट केलंय, त्यांना म्हणून हे आकडे सोडून द्यायची सवय लागलेली असते.

बॉटलनेकमध्ये ती सवय घात करते. वरच्या रिकाम्या धावेच्या तक्त्यावरच सगळ्यांत मोठी धाव कमीत कमी करून पाहा. खानापूर–जांबोटी ३०, मच्छे–बेळगुंदी ३०, वडगाव–येळ्ळूर १५, काकती–कडोली १५, हिंडलगा–उचगाव १०. सगळ्यांत मोठी ३०, आणि खानापूरच्या ओळीत ३० पेक्षा लहान आकडाच नाही, म्हणजे याहून चांगलं शक्य नाही. उत्तर देखणं आहे. प्रत्यक्षात मात्र या वाटणीत जांबोटीचं दूध सहा वाजल्यापासून १४५ मिनिटांनी, म्हणजे ८:२५ ला येतं. टँकर गेलेला असतो.

तपासणी : पूर्ण तक्त्यातल्या कुठल्याही एका चौकटीवर बोट ठेवून म्हणा, "हे दूध इतक्या वाजता धक्क्यावर." ११५ म्हणजे ७:५५. वाक्य खरं वाटलं नाही, तर त्या चौकटीत काहीतरी राहून गेलंय.

## टप्पा ३ : हंगेरियन पद्धत बाजूला ठेवा

कॉलेजात शिकवलेली हंगेरियन पद्धत ओळीतला सगळ्यांत लहान आकडा ओळीतून वजा करायला सांगते, मग स्तंभातला. बेरजेसाठी ते बरोबर आहे, कारण वर सांगितलं तसं सगळ्या वाटण्यांची बेरीज सारखीच घटते. सगळ्यांत मोठा आकडा मात्र सारखा घटत नाही. खानापूरच्या ओळीतून ११० वजा केले की येळ्ळूरच्या चौकटीत शून्य दिसतं आणि जांबोटीच्या चौकटीत ३५. हा टेम्पो कुठेही गेला तरी किमान ११० मिनिटं घेतो, ही कामाची माहिती कागदावरून पुसली जाते. मग "३५ म्हणजे फार नाही" असं वाटून चूक होते.

या गणितात आकड्यांचा लहानमोठेपणाचा क्रम तेवढा महत्त्वाचा असतो. सगळ्या चौकटींत तेवढेच आकडे मिळवा, सगळ्यांना दुप्पट करा किंवा सगळ्यांचा वर्ग करा, उत्तरातली वाटणी तीच राहते. एखाद्याच ओळीत किंवा स्तंभात काही मिळवलं किंवा वजा केलं की क्रम बिघडतो आणि वाटणीही बदलू शकते.

जवळचं गाव जवळच्या टेम्पोला देत जायचं, हा दुसरा आवडता मार्ग. करून पाहा. सगळ्यांत लहान ४५, वडगावला येळ्ळूर. मग काकतीला कडोली ९५. हिंडलग्याला उचगाव १००. मच्छेला बेळगुंदी किंवा जांबोटी, दोन्ही ११५. खानापूरला उरलेलं: जांबोटी उरली तर १४५, बेळगुंदी उरलं तर १८०. पहिल्या चार नेमणुका छान दिसतात आणि पाचव्यात सगळी वसुली होते.

## टप्पा ४ : खालची आणि वरची हद्द काढा

आता खरं काम. प्रत्येक ओळीतला सगळ्यांत लहान आकडा काढा: वडगाव ४५, हिंडलगा ७०, काकती ८५, मच्छे ५०, खानापूर ११०. यातला सगळ्यांत मोठा ११०. प्रत्येक स्तंभातलाही काढा: येळ्ळूर ४५, कडोली ९५, उचगाव १००, बेळगुंदी ११०, जांबोटी ११५. यातला सगळ्यांत मोठा ११५. जांबोटीला कोणी ना कोणी जाणारच, आणि कोणीही गेलं तरी ११५ च्या आत ते दूध येत नाही. म्हणून उत्तर ११५ पेक्षा कमी असूच शकत नाही. ही खालची हद्द.

वरची हद्द हातात असलेल्या कुठल्याही वाटणीवरून मिळते. रिकाम्या धावेवरून काढलेल्या जुन्या वाटणीतली सगळ्यांत मोठी फेरी १४५ आहे, म्हणून उत्तर १४५ पेक्षा जास्त असणार नाही.

उत्तर तक्त्यातल्याच कुठल्यातरी आकड्याएवढं असतं. मधलंअधलं काही येत नाही. ११५ ते १४५ च्या दरम्यान तक्त्यात सातच वेगळे आकडे आहेत: ११५, १२०, १२५, १३०, १३५, १४०, १४५. यांतला शेवटचा जमतो, म्हणजे पाचही फेऱ्या तेवढ्या मिनिटांत बसतात, हे आधीच माहीत आहे. उरलेल्यांत मधला घ्यायचा, तो जमला तर खालच्या अर्ध्यात जायचं, नाही तर वरच्या. मी १३० घेतला, जमला. मग १२०, तोही जमला. मग ११५, नाही जमला. तीन चाचण्यांत काम आटोपलं.

सावधान : खालची हद्द हीच उत्तर समजू नका. ती फक्त "याच्या खाली शोधू नका" एवढंच सांगते. माझ्याकडे आलेल्या दोन तक्त्यांत हद्द काढून तिथेच काम थांबवलं होतं. वाटणी शेवटपर्यंत कोणी बसवून बघितलीच नव्हती.

## टप्पा ५ : एक मर्यादा जमते का, ते तपासा

पद्धत अशी. मर्यादेपेक्षा मोठ्या चौकटी खोडा. उरलेल्या चौकटींतून प्रत्येक टेम्पोला एक वेगळं गाव देता येतं का बघा. शीटमध्ये हे कंडिशनल फॉरमॅटिंगने रंगवलं की नजरेला पटकन दिसतं. कागदावर पेन्सिलीने खोडलं तरी चालतं.

१२० ची मर्यादा लावली की एवढं उरतं:

- वडगाव: येळ्ळूर, कडोली, उचगाव
- हिंडलगा: येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी
- काकती: येळ्ळूर, कडोली
- मच्छे: पाचही गावं
- खानापूर: फक्त येळ्ळूर

आधी सुचेल तसं द्या. वडगाव–येळ्ळूर, हिंडलगा–उचगाव, काकती–कडोली, मच्छे–बेळगुंदी. खानापूर अडकला: त्याला येळ्ळूरच चालतं आणि ते वडगावकडे आहे. जांबोटी मोकळी आहे. बहुतेक जण इथे "१२० जमत नाही" असं लिहून पुढच्या आकड्याकडे जातात. सगळ्यांत जास्त वेळा झालेली चूक हीच.

अडकलेल्या टेम्पोपासून साखळी काढा. खानापूरला येळ्ळूर हवं, ते वडगावकडून काढून घेतलं. वडगावला दुसरं काय चालतं? कडोली किंवा उचगाव. उचगाव घेऊ, ते हिंडलग्याकडे आहे. हिंडलग्याला दुसरं काय? बेळगुंदी, ते मच्छेकडे आहे. मच्छेला दुसरं काय? जांबोटी, आणि ती मोकळीच आहे. साखळी मोकळ्या गावाला भिडली की एकदम सगळी फिरवायची:

| टेम्पो | गाव | मिनिटं | धक्क्यावर |
|---|---|---|---|
| खानापूर | येळ्ळूर | ११० | ७:५० |
| वडगाव | उचगाव | १२० | ८:०० |
| हिंडलगा | बेळगुंदी | ११० | ७:५० |
| मच्छे | जांबोटी | ११५ | ७:५५ |
| काकती | कडोली | ९५ | ७:३५ |

पाचपैकी चार नेमणुका बदलल्या. एकच नेमणूक बदलून बघणाऱ्याला हे उत्तर कधीच सापडलं नसतं.

साखळी काढताना कडोलीकडून गेलात तर? कडोली काकतीकडे आहे, काकतीला दुसरं फक्त येळ्ळूर चालतं, आणि तिथे आपण आधीच जाऊन आलोय. ती वाट बंद. मागे फिरून उचगावकडून जायचं. एक वाट बंद झाली म्हणजे मर्यादा जमत नाही असं होत नाही. सगळ्या वाटा बंद झाल्या तरच.

## टप्पा ६ : जमत नसेल, तर का जमत नाही ते लिहून ठेवा

११५ वर तेच करा. वडगावचं उचगाव (१२०) खोडलं गेलं, बाकी यादी तीच. पुन्हा खानापूरपासून: येळ्ळूर वडगावकडे. वडगावला दुसरं फक्त कडोली, ती काकतीकडे. काकतीला येळ्ळूर आणि कडोलीच चालतात, दोन्ही पाहून झाली. साखळी संपली आणि मोकळं गाव आलंच नाही.

या साखळीत कोणकोण सापडलं ते लिहा. टेम्पो तीन: खानापूर, वडगाव, काकती. त्या तिघांना मिळून चालणारी गावं दोनच: येळ्ळूर आणि कडोली. दोन गावांत तीन टेम्पो बसत नाहीत. एवढ्या एका ओळीत ११५ अशक्य आहे हे सिद्ध झालं. हॉलचा नियम म्हणतात तो हाच, आणि तो दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो: उचगाव, बेळगुंदी आणि जांबोटी या तीन गावांना ११५ मध्ये पोचवणारे टेम्पो दोनच आहेत, हिंडलगा आणि मच्छे.

ही ओळ मी नेहमी उत्तराच्या खाली लिहितो, कारण प्रश्न येतोच. मच्छेच्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी विचारलं, "अण्णा, जांबोटीला खानापूरवाला जवळ हाय की! मला कशाला धाडायलायसा?" त्याला म्हटलं, "मामा, तो सहा चाळीसला मोकळा होतो. तोवर तुम्ही जांबोटीत कॅन भरत असता." तो गप्प झाला, पण खरी अडचण उचगावच्या बाजूची होती, आणि ती सांगायला वरची ओळच लागते.

या ओळीचा आणखी एक उपयोग आहे. वेळ अजून कमी करायची असेल, तर पैसा कुठे घालायचा ते ती दाखवते. येळ्ळूरला दुसरा टेम्पो ठेवून शेवटच्या वेळेत एका मिनिटाचाही फरक पडणार नाही. उचगावचं भरणं पाच मिनिटं लवकर आटोपलं, तर वडगाव–उचगाव ११५ होईल आणि शेवटचा कॅन ७:५५ ला येईल. त्याच्या खाली जांबोटी जाऊ देत नाही.

तपासणी : शीटमध्ये मर्यादा `H1` ला ठेवून ओळीच्या शेवटी हे सूत्र द्या, आणि प्रत्येक स्तंभाखाली त्या स्तंभाच्या चौकटी घालून तेच.

```
=COUNTIF(B2:F2,"<="&$H$1)
```

कुठल्याही ओळीत किंवा स्तंभात शून्य आलं, तर मर्यादा नक्कीच जमत नाही. शून्य कुठेच नाही म्हणजे जमलं, असं मात्र समजू नका. ११५ वर एकाही ओळीत शून्य नाही, तरी जमत नाही.

## टप्पा ७ : मोठा तक्ता असेल तर

दहा-बारा गाड्यांपर्यंत हातानेच करतो. त्यापुढे पायथनच्या एवढ्या ओळींची मदत पुरते:

```python
import numpy as np
from scipy.sparse import csr_matrix
from scipy.sparse.csgraph import maximum_bipartite_matching

M = np.array([[ 45,  95, 120, 125, 130],
              [ 70, 100, 100, 110, 135],
              [ 85,  95, 125, 140, 160],
              [ 50, 105, 115, 115, 115],
              [110, 165, 180, 180, 145]])

for T in np.unique(M):
    G = csr_matrix((M <= T).astype(int))
    m = maximum_bipartite_matching(G, perm_type='column')
    if (m >= 0).all():
        print(T, m)
        break
```

उत्तर `120 [2 3 1 4 0]` येतं. गावांची मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे वडगावला २ म्हणजे उचगाव. `perm_type` लिहायचं विसरलात, तर यादी उलटी येते: टेम्पोला कुठलं गाव याऐवजी गावाला कुठला टेम्पो. आकडे तसेच दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि सकाळी भलताच टेम्पो भलत्या गावात उभा असतो. `linear_sum_assignment` इथे वापरू नका, ते बेरीज कमी करतं.

गाड्या गावांपेक्षा जास्त असतील, तर तेवढे "घरीच" नावाचे स्तंभ वाढवा आणि त्यात शून्य भरा. घरी थांबलेली गाडी कुणाला उशीर करत नाही. एखादा टेम्पो एखाद्या गावाला जाऊच शकत नसेल, तर तिथे फार मोठा आकडा भरा, आणि उत्तरात तो आकडा आला तर वाटणी अशक्य आहे असं समजा. एकाच टेम्पोला दोन गावं करायची असतील, तर हे गणितच लागू होत नाही. दुसऱ्या गावाची वेळ पहिल्यावर अवलंबून राहते आणि तक्त्यात तिला जागाच नसते.

## टप्पा ८ : मर्यादा ठरल्यावर मगच बेरीज बघा

वरच्या वाटणीची बेरीज ५५० मिनिटं. जुन्या वाटणीची ५००. म्हणजे शेवटचा कॅन २५ मिनिटं आधी आणण्यासाठी आपण रोज ५० मिनिटं जास्त गाड्या फिरवतोय. मालकाला हे आधीच सांगा. महिन्याच्या शेवटी डिझेलच्या बिलातून कळलं, तर सगळं गणितच मोडीत निघतं.

बेरीज बघायची ती क्रमाने दुसरी. आधी मर्यादा काढा, त्याहून मोठ्या चौकटी खोडा, आणि मग उरलेल्या चौकटींत बेरीज कमी करा. या दुसऱ्या पायरीला हंगेरियन पद्धत चालते. १२० वर एकच वाटणी शक्य आहे, त्यामुळे निवडायला काही नाही. मर्यादा मुद्दाम सैल करूनही पाहा. १२५ दिली तर वडगाव बेळगुंदीला आणि हिंडलगा उचगावला जातो, बेरीज ५४५. त्यानंतर थेट १४५ पर्यंत बेरीज ५४५ च राहते आणि १४५ ला एकदम ५०० होते. टँकर ८:१५ ला, म्हणजे १३५ ला निघतो, म्हणून १४५ चा प्रश्नच येत नाही. पाच मिनिटांच्या डिझेलसाठी शेवटचा कॅन पाच मिनिटं उशिरा आणायचा का, एवढाच निर्णय उरतो. मी उन्हाळ्यात १२० च ठेवतो, कारण तेव्हा कॅनमधलं दूध वाट बघत नाही.

पावसाळ्यात हेच गणित वेगळं वागतं. जांबोटीच्या रस्त्याला आम्ही १५ मिनिटं वाढवून धरतो. त्या स्तंभातली प्रत्येक चौकट १५ ने वाढते आणि मच्छे–जांबोटी १३० होते. खालची हद्दच आता १३०, आणि ती जमते. मर्यादा १३० झाल्यावर वडगाव–बेळगुंदी १२५ आणि काकती–उचगाव १२५ आपोआप मोकळ्या होतात. चार वाटण्या शक्य होतात, चारहींत शेवटचा कॅन ८:१० ला. दुसऱ्या पायरीत बेरीज बघितली की वडगाव–उचगाव आणि हिंडलगा–बेळगुंदी या जोडीची ५६५ येते, वडगाव–बेळगुंदी आणि हिंडलगा–उचगाव या जोडीची ५६०. काकती उचगावला गेला तर ५७० किंवा ५९०. म्हणून पाऊस लागला की आम्ही ही दोन गावं अदलाबदल करतो. जून सुरू झाला की फळ्यावरची जुनी यादी पुसून नवी लिहायची, एवढं लक्षात ठेवावं लागतं, कारण वडगावचा ड्रायव्हर सवयीने उचगावलाच जाऊन उभा राहतो, आणि हिंडलग्याची धक्कागाडी त्याच्या मागे येऊन उभी राहते.